आतल्या कोपऱ्यातलं पांढरं

उष्टावणाचा फोटो होता. मामाच्या मांडीवर बसलेली सहा महिन्यांची मुलगी, चांदीच्या वाटीत खीर, आणि खिरीत बुडवलेली मामाची अंगठी तिच्या ओठांपाशी आलेली. फोटो छान आला होता, पण त्या दिवसापासून घरात कोणाला स्वस्थता नव्हती. मुलीचा उजवा डोळा नाकाकडे गेलेला दिसत होता. आधी तो आत्याच्या लक्षात आला, मग फोटो घरच्या ग्रुपवर फिरला, आणि दोन महिन्यांनी मोबाइलसकट माझ्या टेबलावर आला.

मी साताऱ्यात गेली वीस वर्षं लहान मुलांचे डोळे तपासते. ‘डोळा आत जातो’ म्हणून येणाऱ्या तान्ह्या बाळांपैकी बरीचशी मुळात तिरळी नसतातच. दोन डोळ्यांमधला नाकाचा भाग त्या वयात बसका आणि रुंद असतो. तिथली जास्तीची कातडी पापणीच्या आतल्या कोपऱ्यावर पडद्यासारखी उतरते आणि कोपऱ्यातलं पांढरं झाकून टाकते. डोळा सरळ आहे की नाही, हे आपण सगळेच नकळत बुबुळाच्या दोन बाजूंच्या पांढऱ्यावरून ठरवतो. बाहेरच्या बाजूला भरपूर पांढरं आणि नाकाच्या बाजूला काहीच नाही, असं दिसलं की मन लगेच सांगतं, डोळा आत गेला. डोळा जागेवरच असतो. फसतो तो आपला पांढऱ्याचा हिशोब. पुस्तकात याला आभासी तिरळेपणा म्हणतात, आमच्या दवाखान्यात नुसतं ‘सुडो’.

बाळाबरोबर आई आणि आजी आल्या होत्या. बोलत होत्या त्या आजीच.

“मॅडम, आमच्या घराण्यात असं कुणाचंच न्हाई. पाळण्यावरचं चिमणाळं लई खाली बांधलं होतं, त्याकडं बघून बघून झालं आसंल म्हणून ते काढून टाकलं. नाक बसकं हाय म्हणून मालिशवाल्या मावशी रोज चिमटीत धरून वर वढतात. तरी फरक न्हाई. हिच्या माहेरचं आलंय, आसं सगळे म्हणत्यात.”

‘हिच्या माहेरचं’ म्हटल्यावर आईने बाळाचं टोपडं सारखं केलं आणि मान खाली घातली. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मी आधी बाळाला हात लावत नाही. ते आईच्या मांडीवर खुशीत असतं, तेवढ्या वेळात प्रश्न विचारून घेते. कधीपासून दिसतं? कोणता डोळा? सारखाच आत असतो की दमल्यावर, ताप आल्यावर, झोप आल्यावर जातो? जन्म वेळेवर झाला का, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं का, आईवडिलांपैकी कोणाला लहानपणी जास्त नंबराचा चष्मा होता का?

मुलगी पूर्ण दिवसांची होती, वजन चांगलं होतं. कोणता डोळा, या प्रश्नावर मात्र आजी अडखळल्या. “कधी उजवा जातो, कधी डावा. इकडं बघितलं का हा, तिकडं बघितलं का तो.”

ही अडखळ माझ्या कामाची होती. बाळ डावीकडे पाहतं तेव्हा उजव्या डोळ्याला नाकाकडे वळावंच लागतं. उरलंसुरलं पांढरं त्या कातडीखाली जातं आणि कधीकधी बुबुळाची कडही झाकली जाते. उजवीकडे पाहिलं की हेच डाव्या डोळ्याचं होतं. म्हणजे घरच्यांना दिसतं ते खोटं नसतं. ‘तुम्हाला भास होतोय’ असं सांगून त्यांना परत पाठवणं मला कधी पटलं नाही. त्यांनी पाहिलेलं खरं आहे, त्यावरून काढलेला अर्थ तपासायचा आहे.

पण ही नुसती खूण झाली, निदान नाही. खरा तिरळेपणाही आलटून पालटून दोन्ही डोळ्यांत दिसू शकतो. रुंद नाकाच्या बाळाला खरा तिरळेपणा होत नाही, असा काही नियम नाही. कातडीची घडी आहे म्हणून बाळ तिरळं दिसतं, हे एक वाक्य. बाळ तिरळं नाही, हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं सिद्ध होत नाही. हा फरक मी एका चुकीतून शिकले. त्याबद्दल पुढे सांगते.

खोलीतला मोठा दिवा बंद करून मी छोटा टॉर्च हातभर अंतरावर, माझ्या दोन डोळ्यांच्या मधोमध धरला. बाळाने उजेडाकडे टक लावली. अशा वेळी दोन्ही डोळ्यांच्या काळ्याभोर बाहुलीवर उजेडाचा एकेक पांढरा ठिपका उमटतो. आता पापणीकडे, घडीकडे, पांढऱ्याकडे बघायचंच नाही. बघायचा तो फक्त ठिपका. ही युक्ती जर्मन नेत्रतज्ज्ञ युलियस हिर्शबर्ग यांची, एकोणिसाव्या शतकातली. त्यांच्याकडे टॉर्च नव्हता, त्यांनी मेणबत्तीच्या ज्योतीवर काम केलं. हत्यार बदललं, परीक्षा तीच राहिली.

डोळे सरळ असतील तर दोन्ही ठिपके एकमेकांच्या जोडीला शोभतील असे पडतात. अगदी मधोमध पडतात असं मात्र नाही. आपण ज्या रेषेने पाहतो ती बाहुलीच्या बरोबर मध्यातून जात नाही, म्हणून चांगल्या डोळ्यातही ठिपका केसभर नाकाच्या बाजूला असतो. नवीन शिकणारे इथे गोंधळतात. ठिपका मध्यावर आहे का, हा प्रश्न नाहीच; दोन्ही डोळ्यांत सारख्याच जागी आहे का, हा आहे. डोळा खरोखर आत वळला असेल, तर त्या एका डोळ्यातला ठिपका कानाच्या बाजूला सरकतो. एक मिलिमीटर सरकला तर डोळा साधारण सात अंश वळलाय असं धरतात. बाहुलीच्या कडेवर पडला तर पंधराच्या आसपास आणि बुबुळाच्या बाहेरच्या कडेला गेला तर पंचेचाळीसच्या. हा सगळा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. पण तान्ह्या बाळाच्या बाबतीत अंदाजही मोलाचा असतो.

आमच्या या मुलीचे ठिपके जुळ्या बहिणींसारखे होते. मी टॉर्च हळूच एका बाजूला नेला. ती उजेडामागे वळली आणि एका डोळ्यातलं आतलं पांढरं घडीखाली गडप झालं. आजी लगेच म्हणाल्या, “बघा, गेला!” पांढरं गेलं होतं, ठिपके मात्र दोन्ही डोळ्यांत आपापल्या जागेवर होते. मी आजींना माझ्या खांद्यामागून वाकून बघायला सांगितलं. त्यांनी चष्मा नीट केला, बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसल्या.

त्यांचं समाधान झालं नव्हतं आणि माझंही नव्हतं. ठिपक्याच्या परीक्षेला मर्यादा आहे. तीन-चार अंशांचा तिरळेपणा असेल तर ठिपका अर्धा मिलिमीटरच सरकतो आणि हलत्या बाळाच्या डोळ्यात तेवढं भल्याभल्यांना दिसत नाही. शिवाय टॉर्चच्या नुसत्या उजेडाकडे पाहायला डोळ्याला जोर लावावा लागत नाही. काही मुलांचा डोळा बारीक गोष्टीवर नजर रोवतानाच आत जातो. त्यांचे ठिपके टॉर्चसमोर बिनचूक येतात.

म्हणून दुसरी परीक्षा, झाकून पाहण्याची. आइस्क्रीमच्या काडीला मी चिमणीचं एक बारीक चित्र चिकटवून ठेवलंय. ते बाळासमोर धरायचं, त्याची नजर त्यावर बसली की एक डोळा झाकायचा आणि उघड्या डोळ्याकडे बघायचं. झाकायला काळी चकती मिळते, पण ती दिसली की बाळ तिच्याशीच खेळायला लागतं. म्हणून मी पंजा बाळाच्या डोक्यावर टेकवते, लाड केल्यासारखा, आणि अंगठा हळूच डोळ्यासमोर उतरवते.

समजा डावा डोळा आत वळलेला आहे आणि बाळ उजव्याने चित्र पाहतंय. उजवा झाकला की काम डाव्यावर येतं. चित्र नीट दिसावं म्हणून डावा आतून बाहेर, सरळ होण्यासाठी हलतो. ही छोटीशी हालचाल म्हणजे खऱ्या तिरळेपणाची कबुली. पण त्याच बाळाचा डावा डोळा झाकला असता तर काहीच हललं नसतं, कारण उजवा आधीच कामावर होता. म्हणून दोन्ही डोळे आळीपाळीने झाकावे लागतात आणि मध्ये दोन्ही उघडे ठेवून नजर परत बसू द्यावी लागते. घाईत एकच डोळा झाकून ‘सरळ आहे’ म्हणणं म्हणजे चाळीतलं एकच दार ठोठावून कोणी घरी नाही असं म्हणण्यासारखं.

झाकताना बाळ काय करतं, तेही पाहायचं असतं. एक डोळा झाकल्यावर शांत आणि दुसरा झाकला की मान हलवतं, हात ढकलतं, रडतं, असं वारंवार झालं तर जो डोळा उघडा राहिला त्याने त्याला नीट दिसत नसावं. आमच्या मुलीने उजवा झाकला तेव्हाही चिमणीवर हात मारला आणि डावा झाकला तेव्हाही. डोळा हलला नाही. मग खोलीच्या टोकाला आमच्या सिस्टरांनी चूं-चूं वाजणारा कुत्रा नाचवला, तेव्हाही काही हललं नाही. इतक्या लहान बाळाचं लांब लक्ष टिकत नाही, म्हणून लांबच्या परीक्षेवर मी फार भार टाकत नाही.

मग खोली आणखी अंधारी करून, हातभराहून थोडं लांब बसून, तपासणीच्या यंत्राचा उजेड दोन्ही डोळ्यांवर एकदम टाकला. बाहुल्यांतून आतल्या पडद्याचा लालसर उजेड परत येतो. दोन्हीकडे तो सारखा यायला हवा. वळलेल्या डोळ्यात तो बहुधा जास्त उजळ दिसतो. आणि लालऐवजी पांढरट चमक दिसली तर तिरळेपणाचा विचार बाजूला ठेवून आधी मोतीबिंदू किंवा पडद्यावरची गाठ नाही ना, हे त्याच दिवशी बघावं लागतं. कारण न दिसणारा डोळाही हळूहळू वाकडा होतो. या मुलीच्या बाहुल्या दोन्हीकडे सारख्याच लाल होत्या.

शेवटी बाहुली मोठी करणारं औषध. इथे घरच्यांचा धीर सुटतो. “सगळं चांगलं आहे म्हणता, मग औषध कशाला?” त्याचं कारण असं. बहुतेक बाळं जन्मतः थोडी दूरदृष्टीची असतात, म्हणजे त्यांना थोडा अधिक नंबर असतो. हा नंबर डोळा स्वतःच जोर लावून भरून काढतो. पण हा जोर आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळवणं, या दोन गोष्टी मेंदूने एकाच दोरीला बांधल्या आहेत. नंबर फार असेल तर जोर फार लागतो आणि त्याबरोबर डोळाही आत ओढला जाऊ शकतो. या प्रकारचा तिरळेपणा बहुधा दोन-तीन वर्षांच्या वयात उघड होतो, क्वचित वर्षाच्या आतही. औषधाने हा जोर काही काळ बंद पडतो आणि मग डोळ्याचा खरा नंबर सापडतो. तिला दोन्ही डोळ्यांत अधिक दीडच्या जवळपास नंबर होता, म्हणजे वयाला साजेसा. आतला पडदाही निकोप होता.

एवढं झाल्यावरच मी तिच्या नाकाला हात लावला. दोन भुवयांच्या खाली, नाकाच्या मुळाशी, बोटाच्या चिमटीत कातडी हलकेच धरून पुढे घेतली. दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात पांढरं उगवलं आणि मुलगी सरळ समोर बघू लागली. खरं तर ती आधीही सरळच बघत होती. आईच्या तोंडून “अगंबाई” निघालं. चिमूट सोडली की पुन्हा तिरळी. धरली की सरळ. आजींनी स्वतः दोनदा करून पाहिलं.

हे दृश्य इतकं पटण्यासारखं असतं की ते आधी दाखवायचा मोह होतो. मी तो टाळते. चिमटीने फक्त एवढंच कळतं, की घडीमुळे पांढरं झाकलं जात होतं. डोळा वळलाय की नाही हे ठिपका आणि झाकण सांगतात. क्रम उलटा केला की घरचे पटकन हसतात आणि डॉक्टरही खूश होऊन पुढची तपासणी आटोपती घेतात. चूक होते ती तिथेच.

माझी चूक अशी झाली. साताऱ्याला येण्यापूर्वी मी एका मोठ्या रुग्णालयात नोकरीला होते. ओपीडीत पाय ठेवायला जागा नसे. अकरा महिन्यांचा एक मुलगा आला, नाक रुंद, दोन्हीकडे ठसठशीत घड्या. टॉर्च मारला, ठिपके बरे वाटले, चिमूट धरून दाखवली, आई हसली. मी म्हटलं, “काही नाही, मोठा झाला की जाईल. परत यायची गरज नाही.” कागदावर लिहिलं: ‘नाक रुंद. डोळे सरळ.’ मागे पंचवीसजण उभे होते.

तो तीन वर्षांचा झाल्यावर त्याची आई परत आली. आता डावा डोळा उघडउघड आत होता. टॉर्चचा ठिपका डाव्या बाहुलीच्या बाहेरच्या कडेवर होता. मी विचारलं, “कधीपासून?” ती म्हणाली, “दोन वर्षांचा झाल्यापासून जास्त वाटत होतं. पण तुम्हीच म्हणाला होतात ना, जाईल म्हणून. आम्ही वाट बघितली.”

औषध घालून नंबर काढला तर दोन्ही डोळ्यांत अधिक साडेपाचच्या वर. चष्मा लावल्यावर काही आठवड्यांत डोळा सरळ राहू लागला. पण वर्षभरात मेंदूने डाव्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायची सवय लावून घेतली होती. चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, तीही तीन वर्षांच्या मुलाला. आईने तो छळ दीड वर्ष निगुतीने सोसला. शेवटी डाव्या डोळ्याची नजर बरीचशी आली, सगळी आली नाही.

त्या कागदाचा मी पुष्कळ विचार केला. पहिल्या दिवशी मुलगा खरंच सरळ असेल. या प्रकारचा तिरळेपणा त्यानंतर वर्षभराने सुरू झाला, असं आईच्या सांगण्यावरून दिसतं. म्हणजे ‘डोळे सरळ’ हे कदाचित चुकीचं नव्हतं. पण झाकून पाहिल्याची नोंद नाही. नंबर काढलेला नाही. काढला असता तर इतका मोठा नंबर त्याही वेळी बहुधा सापडला असता आणि मी त्याला नजरेत ठेवलं असतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे ते ‘जाईल’. मी म्हणत होते घडीबद्दल. आईने ऐकलं तिरळेपणाबद्दल. नाकाचं हाड वाढतं, कातडी ताणली जाते, दोन-तीन वर्षांत किंवा शाळेत जाईपर्यंत घडी सैल पडत जाते, म्हणून दिसणं जातं. खरा तिरळेपणा असा वाट पाहून जात नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे डोळे मधूनच भरकटतात, तेवढी एक सूट. चार महिन्यांच्या पुढे डोळा वळत असेल तर तो दाखवायचाच.

तेव्हापासून माझ्या कागदावर चार गोष्टी असतात: ठिपका, झाकण, लाल उजेड, नंबर. त्यातली एखादी बाळ रडल्यामुळे झाली नाही, तर ‘झाली नाही’ असं लिहिते आणि आठ दिवसांनी परत बोलावते. घरच्यांना दोन वाक्यं वेगवेगळी सांगते. “आज डोळे सरळ आहेत. दिसायला जे तिरळं वाटतं ते नाक वाढेल तसं कमी होईल.” आणि थोडं थांबून, “पण हे बाळ पुढे खरंच तिरळं होणार नाही, याची ही हमी नाही. म्हणून सहा महिन्यांनी परत या.” अशा बाळांपैकी थोड्यांना पुढे खरा तिरळेपणा निघतो, हे आता अनुभवाने माहीत झालंय.

मधल्या काळात काय बघायचं, तेही मी त्या आजी-सुनेला मोबाइलवरच शिकवलं. फ्लॅश चालू ठेवून, हातभर अंतरावरून, बाळ सरळ मोबाइलकडे बघत असताना फोटो काढायचा. मग बोटांनी फोटो मोठा करून पांढऱ्याकडे नाही, ठिपक्याकडे बघायचं. आजींनी लगेच उष्टावणाचा तो फोटो उघडला. हॉल अंधारा असल्याने फ्लॅश पडला होता. मोठा करून पाहिला तर ठिपके मध्यावर नव्हते, पण दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला आणि सारखेच सरकले होते. मुलगी मोबाइलकडे बघतच नव्हती, ती तिच्या डावीकडे बघत होती. एकच डोळा वळला असता तर एकाच डोळ्यातला ठिपका वेगळा पडला असता.

“तिकडं आत्या उभी होती,” आजी म्हणाल्या. “तीच ‘इकडं बघ, इकडं बघ’ करत होती.”

निघताना मी सांगितलं की एकच डोळा सारखा आत जायला लागला, दमल्यावर किंवा जवळचं बघताना जातोय असं वाटलं, मान एका बाजूला ठेवून बघायला लागली, फोटोत ठिपके बेजोड आले किंवा बाहुली पांढरी चमकली, तर सहा महिने थांबायचं नाही. चिमणाळं परत बांधायला हरकत नाही, नजर त्याने वाकडी होत नाही. आणि मालिशवाल्या मावशींना म्हणावं नाक सोडा, ते आपलं आपण वाढेल.

सहा महिन्यांनी त्या परत आल्या. मुलगी चालायला लागली होती, तिला माझ्या काडीवरची चिमणी हवी होती आणि टॉर्चही. घडी होती, पण थोडी सैल. सगळ्या परीक्षा पुन्हा केल्या, सगळं ठीक होतं. आजी तिला घेऊन बाहेर गेल्या, आई मागे रेंगाळली. तिने पर्समधून पोस्टकार्डाएवढा एक रंगीत फोटो काढला. कडा पिवळ्या पडलेल्या. वर्ष-दीड वर्षाची मुलगी, कपाळावर बाशिंगासारखी कागदी टोपी, समोर केक.

“ही मी. मला शाळेत चकणी म्हणायचे. लग्न ठरताना यांच्याकडेही कोणीतरी बोललं होतं.”

मी भिंग घेतलं. त्याच घड्या, तसंच गायब झालेलं पांढरं. स्टुडिओतल्या नव्हे, घरच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश. दोन्ही बाहुल्यांवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, दोन्हीकडे सारख्याच जागी. तीस वर्षांपूर्वीच्या त्या क्षणी तिचे डोळे सरळ होते. पण एका फोटोवरून मी तेवढंच म्हणू शकते. म्हणून मी तिलाच खुर्चीत बसवलं. ठिपका, झाकण, लांब, जवळ. डोळा हलला नाही. चार्टवरची शेवटची ओळ दोन्ही डोळ्यांनी वाचली. मग तिला काळपट काचांचा चष्मा घालून माशीचं मोठं चित्र पुढे ठेवलं. दोन्ही डोळे एकत्र काम करत असतील तर या चष्म्यातून माशी कागदातून वर उठलेली दिसते. तिरळ्या नजरेच्या माणसाला ती बहुतेक वेळा कागदावरच सपाट राहते.

“हिचा पंख चिमटीत धरा,” मी म्हटलं.

तिने हात पुढे केला, दचकली, मागे घेतला, मग हसत पुन्हा पुढे केला. कागदाच्या दोन इंच वर, जिथे काहीच नव्हतं, तिथे तिची चिमूट बरोबर बंद झाली.